सत्तर नंबरचा टॅग

माझ्या नोकरीच्या फायलीत एक ताकीदपत्र आहे. परवानगी नसताना खामगाव आणि मलकापूरच्या राऊटरवर बदल केले, असं त्यात लिहिलंय. ते खरं आहे. मी बदल केले, भरदिवसा केले, मॅनेजर साहेब दारात उभे असताना केले. पुन्हा तशी वेळ आली असती तर पुन्हा केले असते.

मी मूळची रोहिणखेडची. आमचं घराणं पिंजाऱ्यांचं. अब्बा सायकलला धनुकली बांधून मोताळ्याच्या बाजूची गावं फिरायचे आणि लोकांच्या गाद्या पिंजून द्यायचे. मी शिकले, चिखलीला कापसाच्या एका जिनिंग फॅक्टरीत वजनकाट्याच्या कॉम्प्युटरवर ऑपरेटर म्हणून लागले. तिथल्या स्टोअरमध्ये जुने राऊटर धूळ खात पडले होते. दुपारच्या सुट्टीत ते एकमेकांना जोडून बघत बघत मी हे काम शिकले. पुढे कंपनीने नेटवर्कची जबाबदारी माझ्याकडे दिली, कारण दुसरं कोणी ती घ्यायला तयार नव्हतं.

ते बीटी कापसाचे दिवस होते. जूनमध्ये बियाण्याच्या पाकिटांसाठी दुकानांपुढे रांगा लागायच्या आणि दिवाळीनंतर तीच माणसं तोंड उतरवून गेटवर यायची. पाकिटावरच्या चित्रात झाड बोंडांनी लगडलेलं असायचं. शेतात पानं लाल करणारा लाल्या रोग पडलेला असायचा. दोन वेचण्यांत खेळ संपायचा. जो काही कापूस हाती लागेल तो त्याच दिवशी, त्याच गाडीने विकणं भाग असायचं, कारण गाडी भाड्याची.

आमच्या कंपनीची तालुक्यांमध्ये खरेदी केंद्रं होती. त्यातलं एक साखरखेर्ड्याला. गाडी काट्यावर चढली की वजन लाइनवरून चिखलीच्या सर्व्हरला यायचं, तिथून नंबर जायचा आणि मगच पावती छापली जायची. लाइन बंद तर काटा बंद. आणि काटा बंद झाला की गेटबाहेर खेडा खरेदीवाले, म्हणजे गावोगाव माल उचलणारे खासगी व्यापारी, उभेच असायचे. ते हसतमुखाने गाडीपाशी यायचे, कापसात हात घालायचे आणि पाडून भाव सांगायचे. ज्याच्या गाडीचं भाडं वाढत चाललंय तो किती वेळ नाही म्हणेल?

म्हणून मी साखरखेर्ड्याला दोन वाटा ठेवल्या होत्या. एक टेलिफोनची लीज लाइन. दुसरी टॉवरवरून येणारी रेडिओची. ती संथ होती, पण काटा चालण्यापुरती पुरायची. केंद्रावरचा राऊटर छोटा, स्वस्तातला. त्याला ओएसपीएफ येत नव्हतं. ओएसपीएफ म्हणजे राऊटरांनी आपापसात बोलून वाटा ठरवायची पद्धत. केंद्राला ती येत नाही म्हणून चिखलीच्या मोठ्या राऊटरवर मी हाताने लिहून ठेवलं होतं : साखरखेर्ड्याला जायचं तर लीज लाइनने जा. याला स्टॅटिक रूट म्हणतात. खाली दुसरी ओळ : ती लाइन पडली तर रेडिओने जा. आणि हे हाताने लिहिलेले मार्ग कंपनीच्या बाकीच्या फॅक्टऱ्यांनाही कळावेत म्हणून चिखलीचा राऊटर ते ओएसपीएफमध्ये सांगायचा.

यात विश्वासाची एक उतरंड असते. हाताने लिहिलेल्या मार्गावर राऊटरचा विश्वास सगळ्यात जास्त. ओएसपीएफमधून ऐकलेल्यावर त्याहून कमी. आणि राखीव ठेवलेली रेडिओची ओळ मी मुद्दाम सगळ्यात खाली ठेवली होती, म्हणजे ती एरवी मध्ये येणार नाही. या उतरंडीवरच पुढचं सगळं घडलं.

मग पुण्याच्या एका मोठ्या कंपनीने आमची कंपनी घेतली. त्यांचं नेटवर्क वेगळं, आमचं वेगळं. दोन्हींना जोडणारे सांधे दोन ठेवले, एक खामगावला आणि एक मलकापूरला. एक तुटला तर दुसरा राहावा म्हणून. तिथले राऊटर आमच्या बाजूचं ऐकून पुण्याच्या बाजूला सांगायचे आणि तिकडचं ऐकून इकडे.

मला भीती वाटली ती तिथेच. साखरखेर्ड्याची वाट चिखलीने सांगितली, खामगावने ती पुण्याला सांगितली. आता मलकापूर तीच गोष्ट पुण्याकडून ऐकणार आणि नवीन बातमी समजून आमच्याच बाजूला परत सांगणार. मूळ वाट चालू आहे तोवर कोणाला पत्ता लागत नाही. पण मूळ वाट मेली तरी तिची अफवा या चक्रात फिरत राहते. याला लूप म्हणतात.

यावर उपाय टॅगचा. बातमी सांध्यावरून पलीकडे जाताना तिच्यावर एक नंबर मारायचा. आमच्या बाजूच्या सगळ्या मार्गांना मी सत्तर दिला, त्यांच्या बाजूच्या मार्गांना नव्वद. मग दोन्ही सांध्यांवर सांगून ठेवायचं, की पुण्याकडून सत्तर नंबरचं काही आलं तर ते आमचंच आहे, आत घेऊ नको. आणि आमच्याकडून नव्वदचं काही जाऊ लागलं तर ते त्यांचंच आहे, पाठवू नको. मॅनेजर साहेबांना मी हे कापसाच्या गाठींवरून समजावलं होतं. आपण गाठीवर छापा मारतो, उद्या तीच गाठ दुसऱ्या गेटने आत आली तर छापा बघून कळतं ना, की ही आपलीच, पुन्हा खरेदीत धरायची नाही? साहेब म्हणाले, "हे समजलं. बाकीचं तुझं तू बघ."

तीन आठवडे लावून मी ते बसवलं, वहीत लिहिलं, लाइन काढून तपासलं. कापसाचा हंगाम सुरू झाला.

आणि पुण्याहून मेल आला : अनावश्यक टॅग आणि फिल्टर काढून टाका, आमच्या ठरलेल्या नमुन्यात ते बसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी फोनवर मीटिंग झाली. पुण्याचे सीनियर इंजिनिअर, त्यांची दोन माणसं, इकडून मॅनेजर साहेब आणि मी. इंजिनिअर चांगलं शिकलेले होते, बोलणं मृदू. त्यांनी विचारलं, "हे सत्तर-नव्वद काय प्रकरण आहे?"

मी सांगितलं.

"अहो मॅडम, दोन्ही बाजू ओएसपीएफच आहेत. ओएसपीएफमध्ये लूप होत नाही. पुस्तकातलं पहिलं पान आहे ते."

"एका ओएसपीएफच्या आत होत नाही, सर. ही दोन वेगळी आहेत. एकातून दुसऱ्यात गेलं की ते बाहेरून आलेलं ठरतं. मग ते कुठून निघालं हे कोणालाच माहीत राहत नाही."

"आमच्याकडे कधी झालेलं नाही."

"तुमच्याकडे सांधा एकच होता, सर. इथे दोन हायत."

मी 'हायत' म्हणाले तेव्हा तिकडे कोणीतरी हसलं. मला ते स्पष्ट ऐकू आलं. मी शुद्ध बोलू शकते, शाळेत त्यासाठी बक्षीस घेतलंय. पण त्या हसण्यानंतर मी ठरवलं, आता शुद्ध नाही बोलायचं.

"तुम्ही काढून टाका, एवढंच," इंजिनिअर म्हणाले.

"काऊन?"

"काय?"

"काऊन काढू? कारण सांगा. मी नाही काढत. मले माहीत आहे काय होणार ते."

साहेबांनी टेबलाखाली माझ्या खुर्चीला पाय लावला. मी पुढे बोललेच. "तुम्हाला काढायचं असेल तर तुम्ही काढा. पण मी आज मेलमध्ये लिहून ठेवते, की साखरखेर्ड्याची लाइन पडेल तेव्हा रेडिओ चालू असूनही वापरला जाणार नाही."

मी तसा मेल लिहिला. त्याला उत्तर आलं नाही. दुपारी पुण्याहून कोणीतरी सांध्यांच्या दोन्ही राऊटरवर आलं आणि माझ्या ओळी पुसून गेलं. मी स्क्रीनसमोर बसून त्या एकेक जाताना बघत होते. पासवर्ड बदलायचं मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही.

आठ दिवस काहीच झालं नाही. पुण्याच्या माणसाने एकदा फोनवर विचारलंसुद्धा, "मग, झाला का तुमचा लूप?" मी म्हटलं, "नाही झाला." आणि फोन ठेवला. खरं सांगायचं तर त्या आठ दिवसांत मला स्वतःचीही शंका आली होती. रात्री वही काढून मी आकृती पुन्हा काढून बघायची. चूक सापडायची नाही.

नवव्या दिवशी मलकापूरची लाइट गेली. राऊटर बंद पडून पुन्हा सुरू झाला तेव्हा पुण्याची बाजू आधी जागी झाली, आमची नंतर. साखरखेर्ड्याची वाट त्याने पहिल्यांदा पुण्याकडून ऐकली. दोन्हीकडच्या बातमीवर त्याचा विश्वास सारखाच, त्यामुळे जी आधी आली ती धरून बसला आणि ती आमच्या बाजूला सांगू लागला. बाहेरून सगळं ठीक दिसत होतं.

दहाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास साखरखेर्ड्याच्या काटेवाल्याचा फोन आला. वयाने मोठा माणूस, आधी बाजार समितीत मापाडी होता.

"मॅडम, लाइन गेली. रस्त्याचं काम चालू हाय, जेसीबीनं केबल तोडली म्हणून राह्यले लोक."

"रेडिओवर यायला पाहिजे आता. दिवा बघा बरं, खांबावरच्या डब्याचा."

"दिवा हिरवा हाय. पावती नाही निघून राह्यली."

मी चिखलीच्या राऊटरवर गेले. लीज लाइनची ओळ बरोबर गळून पडली होती. तिच्या जागी रेडिओची यायला हवी होती. ती आली नव्हती. तिच्या जागी ओएसपीएफमधून आलेली एक वाट बसली होती : साखरखेर्ड्याला जायचं तर मलकापूरकडे जा. राखीव ओळ उतरंडीत सगळ्यात खाली, म्हणून ती अफवा तिच्यावर चढून बसली होती.

मी लाइनवरून जाणारं माहितीचं पाकीट कुठून कुठे जातंय ते काढून बघितलं. चिखली, मलकापूर, पुणे, खामगाव, चिखली. पुन्हा मलकापूर, पुणे, खामगाव, चिखली. पाकिटाचं आयुष्य संपेपर्यंत असंच. साखरखेर्डा चिखलीहून जेमतेम तासाभराच्या वाटेवर आणि त्याचं वजन पुण्याच्या चकरा मारत मरत होतं. बाहेर पडायला मार्गच नव्हता. मलकापूर पुण्याचं ऐकून सांगत होतं, पुणे खामगावचं ऐकून, खामगाव आमच्या बाजूचं ऐकून, आणि आमच्या बाजूला सांगणारं होतं मलकापूर. जिथून ती बातमी निघाली होती ते चिखली तर केव्हाच गप्प झालं होतं.

मी पुण्याला फोन लावला. इंजिनिअर म्हणाले, "केबल तुटली ना? मग टेलिफोनवाल्यांचा प्रश्न आहे."

"केबल तुटली ते त्यांचं. रेडिओ चालू असून वापरला जाऊन नाही राह्यला, ते आपलं आहे, सर. मी वाचून दाखवते." आणि मी त्यांना चारही गावांची नावं तीनदा वाचून दाखवली.

ते म्हणाले, "बदलाची विनंती भरा. हंगामामुळे या आठवड्यापासून बदल बंद आहेत. संध्याकाळपर्यंत मंजुरी मिळेल बहुतेक."

"संध्याकाळपर्यंत गाड्या थांबत नाहीत."

"प्रोसेस आहे, मॅडम."

काटेवाल्याचा दुसरा फोन आला. "मॅडम, एकवीस गाड्या लागल्या. खेडा खरेदीवाले आले. एका बाईनं दिला आत्ता तिचा सगळा माल. मी म्हटलं थांब माय, तर म्हणे गाडीवाला चाललाय सोडून."

"कुठल्या बाई?"

"इथल्याच शेजारच्या गावच्या. कोरडवाहू हाय. यंदा तिचं लाल्यानं गेलं अर्धं."

मला राग आला, आणि तो राग शांत होता. याआधी मला असा राग आल्याचं आठवत नाही. मी म्हटलं, "बाकीच्यांना थांबवा. अर्धा तास मागा माझ्या नावावर. चिखलीच्या मॅडमनं सांगितलं म्हणा."

"हाव," तो म्हणाला. "मी गेटवर उभा राह्यतो."

मॅनेजर साहेब दारात येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "मंजुरी येऊ दे," ते म्हणाले. "तुझी नोकरी जाईल. माझीपण विचारपूस होईल."

"साहेब, तुम्ही बाहेर जा. तुम्ही बघितलं नाही असं होईल."

ते गेले नाहीत. कपाळाचा घाम पुसत तिथेच उभे राहिले. त्यासाठी मी त्यांची आजही आभारी आहे.

मी आधी खामगावला शिरले. इथे क्रम महत्त्वाचा होता. मलकापूरला 'सत्तर नंबरचं आत घेऊ नको' असं आधी सांगून उपयोग नव्हता, कारण तेव्हा कशावरच सत्तर नव्हता. आधी छापा मारायचा, मग गेट लावायचं. खामगावला मी सांगितलं : आमच्या बाजूचं जे पुण्याला जाईल त्यावर सत्तर मार. पुण्याच्या बाजूने मलकापूरला येणाऱ्या बातमीवर सत्तर दिसला तेव्हा मलकापूरला शिरले आणि सांगितलं : पुण्याकडून आलेलं सत्तर आमच्या बाजूला सोडू नको.

एंटर दाबला. मी चिखलीच्या राऊटरवर परत येईपर्यंत ती अफवा गेली होती. मलकापूरने सांगायचं थांबवलं आणि चक्रातला आधारच निघून गेला. चिखलीला रेडिओची ओळ वर आली, तिथून ती सगळ्यांना सांगितली गेली. मी साखरखेर्ड्याला पिंग केलं, म्हणजे लाइनवरून हाक मारून बघितली. उत्तर सावकाश आलं, पण आलं.

मी फोन लावला, तर काटेवाल्याचा आवाज पलीकडून ऐकू आला, तो गेटवर कोणाला तरी सांगत होता, "घे रे, चढव गाडी." मग मला म्हणाला, "निघाली पावती."

"किती गेल्या?"

"चार गाड्या बाहेर गेल्या. बाकीच्या हायत."

त्या चार गाड्यांमध्ये पहिली त्या बाईची. तिचं नाव मी विचारलं नाही. विचारून काय सांगणार होते तिला? की पुण्यात कोणाला तरी माझ्या काही ओळी आवडल्या नव्हत्या म्हणून?

उरलेल्या ओळी मी त्याच दुपारी बसवल्या. मलकापूरलाही छापा, खामगावलाही गेट, उलट दिशेला नव्वदचंही तसंच. अर्धवट ठेवलं असतं तर उद्या दुसऱ्या बाजूने तेच झालं असतं. मग बदलाची विनंती भरली. 'केव्हा करणार' या रकान्यात लिहिलं : केलं आहे.

चार दिवसांनी पुण्याहून अहवाल आला. कारण : टेलिफोन केबल तुटली. उपाय : केबल दुरुस्त झाली. खाली माझ्या सहीची जागा. साहेबांनी तो माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "सही करून टाक. विषय मिटेल. नाहीतर ताकीद येणार असं कळलंय."

"केबल तुटल्यानं काटा बंद पडला नाही, साहेब. केबल तुटायचीच. म्हणून तर दुसरी वाट ठेवली होती."

"मला कळतं ते. पण एक सहीच आहे."

"एक सही आहे म्हणूनच करत नाही."

मी अहवालातलं कारण रेघ मारून खोडलं. वर निळ्या पेनाने लिहिलं : टॅग काढल्यामुळे मेलेला मार्ग दोन सांध्यांमधून परत आला आणि राखीव मार्गाच्या वर बसला. आधी लेखी कळवलं होतं. सोबत माझा जुना मेल आणि चार गावांची ती यादी जोडली. मग सही केली, पूर्ण नावाने.

घरी अब्बांना सांगितलं तेव्हा त्यांना राऊटर वगैरे काही कळलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "काटा चालू झाला का?" मी म्हटलं, हो. "मग खा आता," म्हणाले.

ताकीदपत्र आलं. त्या वर्षी माझी बढती थांबली. माझ्या अहवालाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. पण माझ्या ओळींना त्यानंतर कोणी हात लावला नाही. हंगाम संपता संपता पुण्याचा नवा ठरलेला नमुना आला. त्यात दोन सांध्यांच्या जोडणीवर एक अख्खं पान होतं : फक्त यादीतलेच स्टॅटिक मार्ग ओएसपीएफमध्ये सांगावेत, सांधा ओलांडताना टॅग मारावा, परत येणारा टॅग अडवावा. नंबर सत्तर आणि नव्वदच. तयार करणाऱ्याचं नाव इंजिनिअरांचं. मी ते पान वाचलं. एक चूक होती, ती मेल करून कळवली.

पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला ते स्वतः चिखलीला आले. केंद्र बघायचं म्हणाले. मी त्यांना जीपमध्ये घालून साखरखेर्ड्याला नेलं. काट्यावर गाडी चढलेली होती, काटेवाला वजन घेत होता. मी लीज लाइनच्या केबलकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "काढा, सर."

"चालू कामात?"

"काढा."

त्यांनी काटेवाल्याकडे बघितलं. तो म्हणाला, "काढा ना साहेब, काही होत नाही आता." त्यांनी केबल ओढली. पाच-सहा सेकंद गेले. पावती छापून बाहेर आली. काटेवाल्याने ती फाडून गाडीवाल्याला दिली आणि पुढच्या गाडीला हात केला.

इंजिनिअर केबल हातात धरूनच उभे होते. मग म्हणाले, "मी तेव्हा तुमचा मेल नीट वाचला नव्हता."

"ते मला माहीत आहे, सर. ताकीद मागे घ्यायला लावा."

"ते माझ्या हातात नाही."

"मग भेटीच्या वहीत लिहा, आज काय बघितलं ते."

त्यांनी केंद्राच्या वहीत उभ्याउभ्या दोन ओळी लिहिल्या, लाइन काढली असता राखीव मार्ग आपोआप चालू झाला, टॅगची रचना योग्य आहे. खाली सही आणि तारीख. मी त्या पानाची झेरॉक्स काढली, चिखलीला आल्यावर माझ्या फायलीत ताकीदपत्राच्या बरोबर वर लावली आणि फाइल साहेबांच्या टेबलावर परत ठेवली. त्यांनी ती उघडून बघितली आणि कपाटात ठेवून दिली.